संयुक्त घनाकृतींचे महत्त्वमापन: धानाच्या कोठीवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व विदर्भात धान घरी आले की पूर्वी ते बांबूच्या ढोलीत भरले जाई, आणि आता पुष्कळ घरी ते पत्र्याच्या कोठीत भरले जाते. खाली सरळ उभी वृत्तचिती आणि वर शंकूच्या आकाराचे झाकण असलेली ही कोठी म्हणजे दहावीच्या महत्त्वमापन प्रकरणातील संयुक्त घनाकृतीच आहे, म्हणून मी हा भाग शिकवताना तिच्यापासूनच सुरुवात करतो. विद्यार्थी आणि काही पालक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे शक्यतो त्याच एका कोठीच्या मापांवरून दिली आहेत, जेणेकरून प्रत्येक वेळी नवी मापे डोक्यात ठेवावी लागू नयेत.

संयुक्त घनाकृतीचे सूत्र कोणते आहे?

असे स्वतंत्र सूत्र नाही. कोठीचे सूत्र, टँकरचे सूत्र, उखळाचे सूत्र अशी पाठांतराची यादी करणारे विद्यार्थी आकृती थोडी बदलली की अडतात. आपल्याला वृत्तचिती, शंकू, गोल, अर्धगोल, इष्टिकाचिती आणि शंकूछेद यांची सूत्रे माहीत असतात, आणि प्रश्नातील वस्तू यांपैकी कोणत्या तुकड्यांची बनली आहे हे ओळखणे एवढेच आपले पहिले काम असते. कच्ची आकृती काढावी, दोन तुकडे जेथे जुळतात तेथे तुटक रेषा मारावी आणि प्रत्येक तुकड्याशेजारी त्याचे नाव व त्याची मापे लिहावीत. माझ्या अनुभवात बहुतेक चुका सूत्र विसरल्यामुळे होत नाहीत. त्या ही तुटक रेषा न काढल्यामुळे होतात, कारण कोणते माप कोणत्या तुकड्याचे आहे हे मग कळत नाही.

कोठीची त्रिज्या आणि उंची मोजायची कशी? पुस्तकात तर ती दिलेलीच असते.

पुस्तकातही ती नेहमी सरळ दिलेली नसते. भरलेल्या कोठीच्या आतून व्यास मोजता येत नाही, म्हणून आमच्या वर्गातील मुलींनी सुतळीचा एक वेढा कोठीभोवती घेतला, जेथे टोक टेकले तेथे गाठ मारली आणि ती सुतळी जमिनीवर ताणून टेपने मोजली. लांबी 440 सेमी भरली. हा परीघ आहे, म्हणून 2 × (22/7) × r = 440 यावरून r = 70 सेमी मिळते. परीघ हाच व्यास समजणे किंवा व्यास हीच त्रिज्या समजणे ही चूक येथेच होते, आणि एकदा झाली की पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकते. त्रिज्येच्या जागी व्यास वापरला गेला तर वृत्तचितीचे घनफळ दुप्पट होत नाही, चौपट होते.

उंचीबाबत मुलींनी जमिनीपासून झाकणाच्या टोकापर्यंतची उंची 2.04 मी लिहून आणली आणि झाकणाची लंब उंची 24 सेमी लिहिली. येथे दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत. पहिली ही की 2.04 मी म्हणजे 2 मीटर 4 सेंटिमीटर, अर्थात 204 सेमी. तेच 2.4 मी असे लिहिले तर ते 240 सेमी होतात. दुसरी ही की 204 सेमी ही संपूर्ण कोठीची उंची आहे, वृत्तचितीची नाही. वृत्तचितीची उंची 204 − 24 = 180 सेमी आहे. प्रश्नात ‘एकूण उंची’ हे शब्द दिसले की आकृतीवर ती उंची एका बाजूला टोकापासून तळापर्यंत बाणाने दाखवावी आणि दुसऱ्या बाजूला तुकड्यांच्या उंच्या वेगळ्या लिहाव्यात, म्हणजे वजाबाकी करायची राहत नाही.

घनफळ काढायचे की पृष्ठफळ, हे प्रश्नावरून कसे ओळखावे?

वस्तूच्या आत काय मावते हे विचारले असेल तर घनफळ, आणि वस्तूवर काय चढवायचे किंवा वस्तू कशापासून बनवायची हे विचारले असेल तर पृष्ठफळ. किती लीटर, किती धान, किती माती, वितळवून किती गोळ्या, पाण्याची पातळी किती वाढेल, हे सगळे घनफळाचे प्रश्न आहेत. किती पत्रा, किती रंग, तंबूला किती कापड, बाहेरून किती लिंपण, हे पृष्ठफळाचे. क्वचित एका प्रश्नात दोन्ही विचारलेले असतात, आणि तेव्हा दोन्हींची आकडेमोड स्वतंत्र करावी.

मात्र पृष्ठफळ विचारले आहे एवढे ओळखून थांबता येत नाही, कारण कोणता पृष्ठभाग हे पुन्हा ठरवावे लागते. कोठी नवी बनवायची असेल तर तळाचा पत्राही लागतो. तयार कोठीला बाहेरून रंग द्यायचा असेल तर जमिनीला टेकलेल्या तळाला रंग लागत नाही. म्हणून सूत्र लिहिण्याआधी मी विद्यार्थ्यांना एक वाक्य लिहायला सांगतो: ‘रंग द्यायचा भाग = वृत्तचितीचे वक्रपृष्ठ + शंकूचे वक्रपृष्ठ’. हे वाक्य बरोबर असेल तर सूत्र आपोआप बरोबर निवडले जाते.

घनफळांची सरळ बेरीज करतो, मग दोन्ही तुकड्यांच्या एकूण पृष्ठफळांची बेरीज का चालत नाही?

घनफळ म्हणजे तुकड्याने व्यापलेली जागा, आणि दोन तुकडे एकमेकांना चिकटवल्याने कोणाचीही जागा कमी होत नाही, म्हणून बेरीज चालते. आपल्या कोठीसाठी:

वृत्तचितीचे घनफळ = πr²h = (22/7) × 70 × 70 × 180 = 15,400 × 180 = 27,72,000 घसेमी

शंकूचे घनफळ = (1/3) × πr²h = (1/3) × 15,400 × 24 = 1,23,200 घसेमी

एकूण घनफळ = 28,95,200 घसेमी

दोन्ही तुकड्यांचा पाया एकच असल्यामुळे πr² = 15,400 हे एकदाच काढून 15,400 × (180 + 8) असे केले तरी तेच उत्तर येते, आणि परीक्षेत त्याने बराच वेळ वाचतो.

पृष्ठफळाचे तसे नाही. वृत्तचितीच्या एकूण पृष्ठफळात वरचे वर्तुळ मोजलेले असते आणि शंकूच्या एकूण पृष्ठफळात खालचे वर्तुळ मोजलेले असते. शंकू वृत्तचितीवर ठेवला की ही दोन्ही वर्तुळे एकमेकांवर येऊन आत दडतात, आणि कोठीत तर त्या जागी पत्राच नसतो, तेथून धान खाली पडते. दोन्ही एकूण पृष्ठफळे मिळवली तर 1,10,000 + 31,680 = 1,41,680 चौसेमी येतात. खरा पत्रा किती लागतो ते पाहू:

वृत्तचितीचे वक्रपृष्ठफळ = 2πrh = 2 × (22/7) × 70 × 180 = 79,200 चौसेमी

शंकूचे वक्रपृष्ठफळ = πrl = (22/7) × 70 × 74 = 16,280 चौसेमी

तळाचे वर्तुळ = πr² = 15,400 चौसेमी

एकूण = 1,10,880 चौसेमी

दोन उत्तरांतील फरक 30,800 चौसेमी आहे, म्हणजे नेमकी 15,400 ची दोन वर्तुळे. तीन चौरस मीटरांहून अधिक पत्रा या चुकीमुळे जास्त आणला जाईल. चूक शोधण्याचा हा चांगला मार्ग आहे: आपले उत्तर आणि बरोबर उत्तर यांतील फरक πr² च्या पटीत असेल, तर दडलेले वर्तुळ मोजले गेले आहे किंवा उघडे वर्तुळ राहून गेले आहे असे समजावे.

शंकूसाठी 74 हा आकडा कोठून आला, आणि 24 कोठे वापरायचा?

झाकणाच्या टोकापासून सरळ खाली पायाच्या केंद्रापर्यंतचे अंतर म्हणजे लंब उंची, 24 सेमी. टोकापासून पत्र्यावरून घसरत कडेपर्यंतचे अंतर म्हणजे तिरकस उंची. पायथागोरसच्या प्रमेयानुसार l² = r² + h² = 4900 + 576 = 5476, म्हणून l = 74 सेमी. घनफळात लंब उंची वापरायची, कारण आतली जागा सरळ उभ्या उंचीवर ठरते. वक्रपृष्ठफळात तिरकस उंची वापरायची, कारण पत्रा उतारावरून जातो.

दोन्हींची अदलाबदल झाली तर ते ओळखता येते. समजा एखाद्याने वक्रपृष्ठफळात 24 वापरले, तर (22/7) × 70 × 24 = 5,280 चौसेमी मिळतात. आता कोठीच्या तोंडाचे क्षेत्रफळ 15,400 चौसेमी आहे. ते तोंड सपाट पत्र्याने झाकायचे तरी 15,400 चौसेमी लागतील, मग मध्ये उंचावलेल्या झाकणाला त्याहून कमी पत्रा कसा पुरेल? शंकूचे वक्रपृष्ठफळ त्याच्या पायाच्या क्षेत्रफळापेक्षा नेहमी मोठेच असते, कारण तिरकस उंची त्रिज्येपेक्षा मोठी असते. ही कसोटी मी वर्गात कागदाची वर्तुळाकार चकती घेऊन दाखवतो: जुन्या माठाच्या तोंडावर ती नेमकी बसते, पण तिला कापून वळवून टोक काढले की ती आत पडते, कारण आता ती तोंडाला अपुरी असते.

मला सूत्रे येतात, पण एककांमुळे गुण जातात. नेमके कोठे चुकते?

दोन वेगळ्या ठिकाणी चुकते, आणि ती दोन ठिकाणे वेगळी ओळखली पाहिजेत.

पहिले ठिकाण म्हणजे सूत्रात मापे भरताना. त्रिज्या 70 सेमी आणि उंची 1.8 मी असताना कोणी (22/7) × 70 × 70 × 1.8 = 27,720 असे लिहिले, तर हे 27,720 कशाचे? ते घसेमी नाहीत आणि घमी तर नाहीतच. या संख्येला अर्थच नाही, त्यामुळे शेवटी कितीही रूपांतर केले तरी ती सहजासहजी सुधारत नाही. म्हणून रूपांतर सूत्राच्या आधी, ‘दिलेली मापे’ लिहितानाच करावे, आणि त्या ओळीनंतर उत्तराच्या शेवटच्या ओळीपर्यंत दुसरे एकक येऊ देऊ नये. एकक निवडताना उत्तर ज्या एककात मागितले आहे ते घ्यावे असे सांगितले जाते, ते योग्यच आहे. तरी 22/7 वापरायचे असेल तेव्हा 0.7 पेक्षा 70 ला 7 ने भागणे मुलांना सोपे जाते, म्हणून मी स्वतः कोठीसारख्या आकारासाठी सेंटिमीटरमध्येच काम करून शेवटी एकदा रूपांतर करणे पसंत करतो.

दुसरे ठिकाण म्हणजे हे शेवटचे रूपांतर. 1 मी = 100 सेमी हे सगळ्यांना येते, आणि त्यामुळेच चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करतानाही 100 ने भागले जाते. वर्गाच्या फरशीवर खडूने एक मीटर बाजूचा चौरस काढावा. त्याच्या एका कडेला एक सेंटिमीटरचे 100 चौकोन बसतात, आणि अशा 100 ओळी बसतात. म्हणून 1 चौमी = 100 × 100 = 10,000 चौसेमी. त्यावर एक मीटर उंचीचा खोका उभा केला तर असे 100 थर बसतात, म्हणून 1 घमी = 10,00,000 घसेमी. 1 लीटर = 1000 घसेमी असल्यामुळे 1 घमी म्हणजे 1000 लीटर.

आता कोठीला बाहेरून रंग द्यायचा खर्च काढू. तळ सोडून पृष्ठफळ 79,200 + 16,280 = 95,480 चौसेमी, म्हणजे 9.548 चौमी. दर चौरस मीटरला 60 रुपये धरला तर खर्च 9.548 × 60 = 572.88 रुपये. चुकून 100 ने भागले तर 954.8 चौमी आणि 57,288 रुपये येतात. सातबाऱ्यावर आपण जमीन हेक्टर-आरमध्ये वाचतो आणि 1 आर म्हणजे 100 चौमी, तेव्हा 954.8 चौमी म्हणजे साडेनऊ आर शेत झाले. माणसापेक्षा थोड्याच उंच कोठीचा पत्रा साडेनऊ आर शेतावर पसरणार नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. फक्त त्याने आपले उत्तर त्या नजरेने पाहायला हवे.

एक बारीक सवयही लावून घ्यावी. लांबीचे उत्तर सेमी, क्षेत्रफळाचे चौसेमी आणि घनफळाचे घसेमी असे प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहावे. घनफळ काढताना ओळीच्या शेवटी ‘चौसेमी’ लिहावेसे वाटले, तर एखादी लांबी गुणायची राहिली आहे का ते तेथेच थांबून पाहावे.

खळ्यावरचा धानाचा ढीग कोठीत भरला तर तो किती उंचीपर्यंत येईल, असा प्रश्न कसा सोडवायचा?

असे प्रश्न ‘एक आकार मोडून दुसरा’ या प्रकारचे असतात. धातू वितळवून गोळ्या करणे, विहिरीची माती पसरून ओटा करणे हेही तेच. आकार बदलतो, घनफळ बदलत नाही, आणि म्हणून दोन घनफळे समान मांडून अज्ञात माप काढायचे. पृष्ठफळाचा येथे काहीही संबंध नाही.

समजा ढीग शंकूच्या आकाराचा आहे, त्याच्या पायाभोवती दोरी फिरवल्यावर परीघ 8.8 मी भरला आणि बारीक काठी टोकातून सरळ खाली जमिनीपर्यंत खुपसून पाहिल्यावर उंची 90 सेमी निघाली. परिघावरून r = 1.4 मी. उंची मीटरमध्ये 0.9 मी.

ढिगाचे घनफळ = (1/3) × (22/7) × 1.4 × 1.4 × 0.9 = 6.16 × 0.3 = 1.848 घमी

कोठीचा पाया आपण सेंटिमीटरमध्ये काढला होता, 15,400 चौसेमी. म्हणून ढिगाचे घनफळही घसेमीत आणू: 1.848 × 10,00,000 = 18,48,000 घसेमी. कोठीत धानाची उंची H मानली तर

15,400 × H = 18,48,000, म्हणून H = 120 सेमी.

कोठीची वृत्तचिती 180 सेमी उंच आहे, त्यामुळे धान सहज मावते आणि वर 60 सेमी जागा उरते. येथे नेहमी होणारी चूक ही की काठी न खुपसता टेप ढिगाच्या उतारावर टाकला जातो. तसे केले तर l = √(1.96 + 0.81), म्हणजे सुमारे 1.66 मी मिळते, आणि तीच उंची म्हणून घेतली तर कोठीतील उंची 221 सेमीच्या आसपास येते, जी कोठीच्या टोकाच्याही वर जाते. लेखी प्रश्नात टेप नसतो, पण ‘उंची’ आणि ‘तिरकस उंची’ हे दोन शब्द असतात आणि घाईत तोच गोंधळ होतो.

या ढिगाचे वजन विचारले तर ते घनफळावरून एकट्याने निघत नाही. 1 घमी धानाचे वजन प्रश्नात द्यावे लागते. ते 575 किलो दिले असेल तर 1.848 × 575 = 1062.6 किलो, म्हणजे साडेदहा क्विंटलच्या थोडे वर. आपल्याकडे जुनी माणसे धान पायलीने मोजत. पायली हे भांड्यात मावणाऱ्या जागेचे माप आहे आणि क्विंटल हे वजनाचे, म्हणून एका पायलीत तांदूळ आणि लाह्या यांचे वजन सारखे भरत नाही. घनफळ आणि वजन यांतला फरक मुलांना यावरून लगेच समजतो.

दोन्ही टोके अर्धगोल असलेल्या टँकरचे घनफळ काढताना उत्तर नेहमी जास्त का येते?

कारण टँकरची दिलेली लांबी टोकापासून टोकापर्यंतची असते आणि तीच वृत्तचितीची लांबी समजली जाते. उन्हाळ्यात गावात येणाऱ्या टँकरची पाण्याची टाकी अशी समजा: व्यास 1.4 मी, एकूण लांबी 3.5 मी. अर्धगोलाला वेगळी उंची नसते, त्याची उंची म्हणजे त्याची त्रिज्या. दोन टोकांकडे 0.7 मी आणि 0.7 मी गेले, म्हणून मधल्या वृत्तचितीची लांबी 3.5 − 1.4 = 2.1 मी.

वृत्तचितीचे घनफळ = (22/7) × 0.7 × 0.7 × 2.1 = 1.54 × 2.1 = 3.234 घमी

दोन अर्धगोल मिळून एक गोल होतो. त्याचे घनफळ = (4/3) × (22/7) × 0.7 × 0.7 × 0.7 = 1.437 घमी, तीन दशांश स्थळांपर्यंत.

एकूण 4.671 घमी, म्हणजे 4671 लीटर.

मधली लांबी 3.5 मी धरली असती तर 6827 लीटर आले असते. हे चूक आहे हे आकडेमोड न तपासताही कळते: 3.5 मी लांब आणि दोन्ही टोके सपाट असलेल्या पूर्ण वृत्तचितीत 1.54 × 3.5 = 5.39 घमी पाणी मावते, आणि आपल्या टाकीची टोके गोलसर असल्यामुळे ती त्या वृत्तचितीच्या आतच बसते. आत बसणाऱ्या वस्तूचे घनफळ बाहेरच्यापेक्षा जास्त असू शकत नाही. अशी बाहेरची साधी आकृती मनात धरून वरची मर्यादा काढणे हा मला माहीत असलेला सर्वांत कमी वेळाचा पडताळा आहे.

एखादा भाग कोरून काढला असेल तर पृष्ठफळही वजा करायचे का?

नाही, आणि हा प्रश्न बहुतेक मुलांना अवघड जातो. लाकडी उखळ घ्या: बाहेरून वृत्तचिती, त्रिज्या 21 सेमी, उंची 35 सेमी, आणि वरच्या बाजूने 14 सेमी त्रिज्येचा अर्धगोल कोरलेला. लाकडाचे घनफळ हवे असेल तर वृत्तचितीतून अर्धगोल वजा करायचा, 48,510 − 5,749.33 = 42,760.67 घसेमी. परंतु पृष्ठफळात कोरलेला खळगा नवा पृष्ठभाग देतो. उखळाला सगळीकडून तेल लावायचे असेल तर बोट खळग्याच्या आतूनही फिरवावे लागते. त्या बोटाच्या मार्गाने मोजू:

बाहेरची बाजू = 2 × (22/7) × 21 × 35 = 4,620 चौसेमी

तळ = (22/7) × 21 × 21 = 1,386 चौसेमी

वरची कडा, म्हणजे दोन वर्तुळांमधील कंकण = (22/7) × (441 − 196) = 770 चौसेमी

खळग्याची आतील बाजू = 2 × (22/7) × 14 × 14 = 1,232 चौसेमी

एकूण = 8,008 चौसेमी

न कोरलेल्या ओंडक्याचे एकूण पृष्ठफळ 7,392 चौसेमी होते. लाकूड कमी झाले आणि पृष्ठभाग मात्र 616 चौसेमीने वाढला, कारण 616 चे एक सपाट वर्तुळ गेले आणि त्या जागी 1,232 चा अर्धगोल आला. अर्धगोलाचे एकूण पृष्ठफळ 3πr² येथे वापरायचे नाही, कारण खळग्याला झाकण नाही.

बादलीच्या प्रश्नात कोणते सूत्र?

बादली हा शंकूछेद आहे. घनफळ (1/3)πh(r₁² + r₂² + r₁ × r₂), आणि वक्रपृष्ठफळ πl(r₁ + r₂), ज्यात l = √(h² + (r₁ − r₂)²). उघड्या बादलीच्या पत्र्यासाठी वक्रपृष्ठफळात फक्त तळाचे लहान वर्तुळ मिळवावे. घनफळ घसेमीत येते आणि उत्तर बहुधा लीटरमध्ये मागितलेले असते, म्हणून 1000 ने भागायचे विसरू नये.

π ची किंमत 22/7 घ्यावी की 3.14?

प्रश्नात जी दिली आहे ती. दिली नसेल आणि त्रिज्या 7 च्या पटीत असेल तर 22/7 सोयीचे पडते, त्रिज्या 10 किंवा 5 असेल तर 3.14. कोठीच्या पायाचे क्षेत्रफळ 22/7 ने 15,400 आणि 3.14 ने 15,386 चौसेमी येते, म्हणजे फरक अगदी थोडा आहे. पण एकाच उदाहरणात एका तुकड्याला एक किंमत आणि दुसऱ्याला दुसरी वापरू नये. दोन घनफळांचे गुणोत्तर काढायचे असेल किंवा ती समान मांडायची असतील तर π तसाच ठेवावा. तो दोन्ही बाजूंनी जातो.

शेवटचे उत्तर पूर्ण संख्येत लिहिताना वर न्यावे की खाली?

गणित बरोबर येऊनही येथे चुकीचे उत्तर लिहिले जाते. नेहमीचा नियम, अर्धा किंवा जास्त असेल तर वर, हा मोजमापाच्या उत्तरासाठी आहे. वस्तूंची संख्या विचारली असेल तेव्हा प्रश्नाचा अर्थ पाहावा लागतो. टँकरमधून 15 लीटरचे किती गुंड पूर्ण भरतील? 4671 ÷ 15 = 311.4, आणि पूर्ण भरणारे गुंड 311. येथे 311.9 आले असते तरी उत्तर 311 च राहिले असते. उलट कोठीसाठी 11.088 चौमी पत्रा लागतो आणि पत्रा 2 चौमीच्या पानांत मिळतो असे प्रश्नात असेल, तर भागाकार 5.544 येतो आणि पाने 6 घ्यावी लागतात. भागाकार 5.1 आला असता तरीही 6 च घ्यावी लागली असती, कारण पाच पानांत कोठी पूर्ण होत नाही.